मावशींच्या गालावरचा तीळ

लग्नातला ग्रुप फोटो घ्या. मागच्या रांगेत मावशी उभ्या आहेत, डोळ्यांवर चष्मा, गालावर तीळ. याचं कार्टून करायचं आहे.

२०१८ मध्ये आलेलं कार्टूनगॅन किंवा त्यानंतरचं ॲनिमेगॅन वापरलं, तर फोटो जाळ्यातून एकदाच आरपार जातो. शिकवताना एक जाळं चित्र काढतं आणि दुसरं ते अस्सल कार्टून वाटतं का ते तपासतं. शिवाय मूळ फोटोचा आशय हलता कामा नये, अशी अट असते. त्यामुळे नाक होतं तिथेच राहतं आणि चष्म्याची दांडीही जागेवर. चेहरा ओळखू येतो, कारण मॉडेल त्याला फारसा हातच लावत नाही. ॲनिमेगॅनच्या दुसऱ्या आवृत्तीची फाइल साडेआठ एमबीच्या आसपास, म्हणजे फोनवरही चालते. पण नाकाखालची सावली कधी मळकट डागासारखी दिसते, आणि ‘डोळे जरा मोठे करा’ म्हणायची सोय नाही. दुसरी शैली हवी, तर दुसरं मॉडेल शिकवा.

(सगळेच गॅन असे नाहीत. २०२० चं टूनिफाय आधी आपल्या साठ्यातून मिळताजुळता चेहरा शोधतं, आणि साम्य तिथेच निसटू शकतं.)

डिफ्यूजनचा मार्ग वेगळा. फोटोत आधी गोंगाट मिसळायचा, मग शब्दांतल्या सूचनेनुसार तो पायरीपायरीने काढायचा. किती मिसळायचा, हे strength ठरवतं. एकूण ३० पायऱ्या ठेवल्या आणि strength ०.३ असेल, तर प्रत्यक्षात ९ पायऱ्या चालतात. चित्र फोटोसारखंच राहतं. ०.७५ ला २२ चालतात. शैली झकास उतरते, पण मावशींच्या जागी भलतीच बाई येते.

खरी मेख मात्र आणखी आत आहे. स्टेबल डिफ्यूजनची पहिली मॉडेलं थेट फोटोवर काम करत नाहीत. ५१२ × ५१२ पिक्सेलचा फोटो आधी ६४ × ६४ घरांत आवळला जातो. मागच्या रांगेतला ८० पिक्सेल रुंदीचा चेहरा तिथे जेमतेम १० घरांचा उरतो. तीळ एका घरातही नीट मावत नाही, मग मॉडेल तिथे अंदाजाने काहीतरी भरतं. पुढच्या रांगेतले चेहरे ठीक आणि मागच्यांचे डोळे वेडेवाकडे दिसले, की कारण हेच समजावं.

उपाय म्हणजे तो चेहरा कापून मोठा करायचा, वेगळा चालवायचा आणि परत जोडायचा. २०२३ चं कंट्रोलनेट रेषांच्या नकाशाने ठेवण पकडून ठेवतं. पण ठेवण म्हणजे ओळख नव्हे. त्यासाठी इन्स्टंटआयडीसारखी जोड लागते, जी चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलकडून त्या माणसाची खूण घेते. प्रत्येक जोडीला मेमरी आणि वेळ लागतो. चार पायऱ्यांत काम उरकणारी मॉडेलं आली आहेत, तरी त्यांची प्रत्येक पायरी गॅनच्या संपूर्ण कामापेक्षा जड असते.

साम्य आकड्यांत मोजायला गेलं तर तेही फसवं, कारण चेहरा ओळखणारी मॉडेलं फोटोंवर शिकलेली असतात. कार्टून जितकं कार्टून, तितके गुण कमी. म्हणून strength ०.४ पासून थोडी थोडी वाढवत न्यावी आणि दर खेपेला चित्र मावशींना ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवावं.