सहावी आर्टरी

पोट शिवायला घेण्याआधी ट्रॉलीवर सरळ आर्टरी पाचच भरल्या. सुरुवातीला फळ्यावर सहा लिहिल्या होत्या. (आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा, कात्रीसारखा दिसणारा चिमटा.)

रुग्णाच्या आतड्याला पीळ पडून काळा झालेला भाग कापून काढला होता. अशा शस्त्रक्रियेत आम्ही चिरा देण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि कातडीला टाके घालताना मोजणी करतो. ट्रॉलीवरची मी आणि फ्लोअरची सिस्टर एकाच वेळी मोठ्याने मोजतो, कारण एकटीला हवा तोच आकडा दिसू लागतो. मॉप आधीचे दहा आणि मधे उघडलेले पाच, पंधराच्या पंधरा मिळाले. आर्टरी मात्र पाच.

मी सरांना सांगितलं, ‘‘एक सरळ आर्टरी कमी आहे, टाके थांबवा.’’ भूलतज्ज्ञांनाही कळवलं, म्हणजे ते रुग्णाला जागं करायची घाई करणार नाहीत. दुसऱ्यांदा मोजलं, तेव्हा सिस्टरने आकडा घेतला आणि मी बोट ठेवलं. पुन्हा पाचच. सरांनी पोटात हात घालून यकृताखाली, प्लीहेजवळ, आतड्यांच्या वळणांमागे आणि खाली ओटीपोटात चाचपून पाहिलं. आम्ही चादरींच्या घड्या झटकल्या, मॉपची बादली उलटी केली, टेबलाखाली पाहिलं. कचऱ्याची पिशवी खोलीबाहेर जाऊ दिली नाही.

आता एक्स-रे. धातूची आर्टरी त्यात स्पष्ट दिसते. मॉपमध्येही त्यासाठीच एक खास धागा विणलेला असतो. बारीक सुई मात्र निसटू शकते, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी सुईच्या बाबतीत तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

एक्स-रेवाला येईपर्यंत सिस्टरने विचारलं, ‘‘कापलेला तुकडा कुठाय?’’ तो किडनी ट्रेमध्ये नातेवाइकांना दाखवायला बाहेर गेला होता. आपल्याकडे हे नेहमीचंच. बाहेरच्यांना आजार डोळ्यांनी पाहायचा असतो. मावशी ट्रे परत घेऊन आल्या. आतड्याला धरून असलेल्या चरबीच्या पदरात आर्टरी तशीच लावलेली होती. रक्तवाहिनीच्या आपल्या बाजूला गाठ मारली होती, तुकड्याकडच्या बाजूला ती राहून गेली होती. ती काढून सिस्टरने दाखवली, आम्ही दोघींनी पुन्हा सगळं मोजलं. सहा. सरांनी टाके पुढे चालू केले, एक्स-रे रद्द झाला.

कातडीच्या टाक्यांवेळची मोजणी बिनचूक झाली. नोंदीत मी ‘मोजणी बरोबर’ एवढंच लिहिलं नाही: किती वाजता कमी आढळली, कितीदा मोजलं, काय काय शोधलं, कुठे सापडली, हे सगळं लिहून सरांची सही घेतली. नंतर कोणी विचारलं तर आठवणीवर विसंबावं लागू नये.

त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली. तुकडा ट्रॉलीवरून उचलण्याआधी त्यावरची आर्टरी काढून जागी दोऱ्याची गाठ मारायची, आणि ती काढता येत नसेल तर फळ्यावर ‘एक, तुकड्यासोबत’ असं लिहायचं.