येणं रद्द करताना वक्त्याने काय करावं?

महाविद्यालयातलं दोन दिवसांचं चर्चासत्र सुरू होतं ते बीजभाषणाने. निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या यादीत वरचं नाव बीजभाषकाचं असतं, मंचामागच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो असतो, आणि आसपासच्या तालुक्यांतले प्राध्यापक पहाटेची एसटी धरतात तेही बऱ्याचदा त्याला ऐकायलाच. अशा वक्त्याला ऐन वेळी येणं रद्द करावं लागलं, तर कारण कितीही खरं असलं तरी आयोजकांची धावपळ चुकत नाही. ती कमी करणं मात्र वक्त्याच्या हातात असतं. कसं, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू.

पुण्यातल्या एका भूजल अभ्यासकाला लातूरच्या महाविद्यालयाने शुक्रवारी सकाळी ११ वाजता बीजभाषणासाठी बोलावलं आहे. गुरुवार रात्रीचं रेल्वेचं तिकीट महाविद्यालयाच्या खर्चाने निघालं आहे. रविवारी रात्री अभ्यासकाच्या वडिलांच्या छातीत दुखू लागतं आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागतं. सोमवारी डॉक्टर सांगतात, ‘अँजिओग्राफी करू, पुढचं उद्या संध्याकाळी ठरवू.’

इथे बहुतेक जण गप्प राहतात. कदाचित सगळं ठीक होईल, मग उगाच कशाला आयोजकांच्या जिवाला घोर लावायचा, असं वाटतं. हेतू चांगला असला तरी या गप्प राहण्यातच आयोजकांचा एक अख्खा दिवस जातो. पर्यायी वक्ता शोधायला त्यांच्याकडे मुळात चारच दिवस असतात. म्हणून फोन करायचा तो सोमवारीच, चर्चासत्राच्या समन्वयकांना: ‘वडील दवाखान्यात आहेत. येण्याची माझी इच्छा आहे, पण खात्री देता येत नाही. उद्या संध्याकाळी सातपर्यंत नक्की काय ते सांगतो. तोवर एखादं दुसरं नाव मनात धरून ठेवा.’ ‘बघू, प्रयत्न करतो’ एवढ्यावर फोन ठेवू नये. त्या उत्तराने समन्वयकांना दुसऱ्याला विचारताही येत नाही आणि निर्धास्तही राहता येत नाही. दिवस आणि वेळ सांगितली की पुढचं ठरवता येतं.

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. ती गुरुवारी होणार. आता शुक्रवारी लातूरला जाणं शक्य नाही. समन्वयकांना फोन करण्याआधी अभ्यासक आणखी एक फोन करतात, सोलापूरच्या एका सहकारी प्राध्यापिकेला. ‘शुक्रवारी सकाळी मोकळ्या आहात का? लातूरच्या आयोजकांनी विचारलं, तर भूजलावर बोलायला जमेल का? निमंत्रण देणं न देणं त्यांच्याकडे आहे, मी फक्त विचारून ठेवतोय.’ या शेवटच्या वाक्याला फार महत्त्व आहे. न विचारता नाव सुचवलं आणि त्या बाईंना जमलं नाही, तर समन्वयकांची उरलेली वेळही वाया जाते. उलट ‘तुम्ही जा, मी सांगतो त्यांना’ असं म्हटलं, तर दुसऱ्याच्या मांडवात आपण परस्पर पाहुणा धाडल्यासारखं होतं. कदाचित प्राचार्यांच्या मनात दुसरंच नाव असेल. मग नकार कोणी आणि कसा द्यायचा, हा नवाच पेच उभा राहतो.

नाव निवडताना विषयाची जाण तर पाहायचीच, पण अंतरही पाहायचं. सोलापूरहून सकाळी लवकर गाडीने निघालं तर अकराच्या आत लातूर गाठता येतं. दिल्लीतलं मोठं नाव तीन दिवसांवर आलेल्या कार्यक्रमाच्या कामाचं नसतं. आपल्या विद्यार्थ्याचं नाव सुचवायला हरकत नाही, पण तो विद्यार्थी आहे हे स्पष्ट सांगावं. बीजभाषण की एखाद्या सत्रातलं व्याख्यान, त्याला काय द्यायचं ते मग आयोजक ठरवतील.

यानंतर समन्वयकांना फोन, आणि फोन ठेवल्यावर लगेच ईमेल. व्हॉट्सॲपचा निरोप ऐन गडबडीत शंभर निरोपांखाली जातो, म्हणून आधी बोलणं हवं. आणि नुसतं बोलणंही पुरत नाही, कारण कार्यक्रमातला बदल प्राचार्यांपुढे ठेवायला आणि हिशेबाच्या फाइलला लावायला लेखी काहीतरी लागतं. ईमेल असं असावं:

‘आदरणीय महोदया, सादर नमस्कार. आत्ताच फोनवर सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी बीजभाषणासाठी मी येऊ शकणार नाही. वडिलांची हृदयशस्त्रक्रिया गुरुवारी ठरली आहे आणि मला पुण्यातच थांबावं लागणार आहे. पत्रिका वाटून झाल्यावर, तीनच दिवस उरले असताना मी हे कळवतो आहे. त्यामुळे आपल्याला आणि आपल्या सहकाऱ्यांना जो त्रास होणार आहे, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. सोलापूरच्या ज्या प्राध्यापिकांचं नाव मी सुचवलं, त्या शुक्रवारी सकाळी मोकळ्या आहेत, एवढंच विचारून ठेवलं आहे. त्यांना बोलवायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी आपला. मी भूजल कायद्यावर बोलणार होतो. त्यांचा अभ्यास विहिरींच्या पाणीपातळीचा आहे, त्यामुळे भाषणाचं शीर्षक बदलावं लागेल. माझं तिकीट आजच रद्द करतो आणि परताव्याची रक्कम महाविद्यालयाकडे जमा करतो.’

यात कारण एका वाक्यात आटोपलं आहे. आजाराचा तपशील वाढवत नेला, की वाचणाऱ्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं. क्षमाही एकदाच मागितली आहे, पण नेमक्या गोष्टीची: पत्रिका वाटून झाल्या आहेत आणि दिवस तीनच उरले आहेत. ‘काही गैरसोय झाली असल्यास’ असं लिहू नये. गैरसोय झालेलीच असते. तिकिटाचा उल्लेखही गरजेचा आहे. घरच्या माणसांच्या नावावर तिकीट बदलून देण्याची सोय रेल्वेत आहे, पण सहकाऱ्याला ते तिकीट चालत नाही. शिवाय रद्द करायला जितका उशीर, तितका परतावा कमी.

पर्याय म्हणजे दुसरा वक्ताच, असंही नाही. हॅरॉल्ड पिंटर यांना २००५ साली आजारपणामुळे नोबेल व्याख्यानासाठी स्टॉकहोमला जाता आलं नाही, तेव्हा त्यांनी ते चित्रित करून पाठवलं आणि सभागृहात दाखवलं गेलं. २०१६ साली बॉब डिलन समारंभाला गेले नाहीत. मेजवानीच्या वेळचं त्यांचं भाषण अमेरिकेच्या राजदूतांनी वाचून दाखवलं. पण तिथे सगळ्यांना त्याच व्यक्तीचे शब्द हवे होते. चर्चासत्रात बीजभाषणानंतर प्रश्नोत्तरं होतात, आणि दुसऱ्याचा निबंध वाचणाऱ्याला उत्तरं देता येत नाहीत. म्हणून इथे पर्यायी वक्त्याने स्वतःचंच भाषण स्वतःच्या नावाने करणं बरं. आपल्या स्लाइड्स हव्या असतील तर द्याव्यात, पण त्याच वापरा असा आग्रह धरू नये. दवाखान्याच्या व्हरांड्यातून ऑनलाइन बोलण्याचं वचनही देऊ नये. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी बोलावलं, तर आयोजकांवर तीच वेळ पुन्हा येईल, आणि तेव्हा पर्याय शोधायला कुणाला वेळ नसेल.

एका बाबतीत मात्र पर्याय सुचवूच नये. एखादी संस्था स्मृतिव्याख्यानासाठी बोलावते, तेव्हा ते निमंत्रण आपल्या कामाचा मान म्हणून दिलेलं असतं. तो मान आपण परस्पर दुसऱ्याकडे वळवू शकत नाही. तिथे येता येणार नाही एवढं वेळेवर कळवावं, क्षमा मागावी आणि तारीख पुढे ढकलायची असेल तर आपल्याला कोणते दिवस जमतील ते सांगावं. संस्थेला त्याच दिवशी कार्यक्रम करायचा असेल, तर कुणाला बोलवायचं हे ती ठरवेल.