व्हीपीएनच्या यादीत ‘इंडिया’ लिहिलंय, मग पिंग एवढा का?

आजचा विषय एका प्रेक्षकाच्या पत्रावरून घेतलाय. मुलगा मराठी आहे आणि लखनौला हॉस्टेलमध्ये राहून शिकतोय. रात्री पुण्यातल्या जुन्या मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. हॉस्टेलचं वायफाय सगळ्यांचं सामायिक, म्हणून फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर त्याने व्हीपीएन कायम चालू ठेवलंय. तक्रार अशी, की व्हीपीएनमध्ये ‘इंडिया’ निवडलं तरी गेममध्ये पिंग १४६ दिसतो आणि बंद केलं की ३८. “सर्व्हर भारतातलाच आहे, जवळचाच आहे, तरी असं का? गेमिंगसाठी वेगळं व्हीपीएन मिळतं म्हणे, त्याची वर्षाची वर्गणी भरू का?” असं त्याने विचारलंय.

पैसे भरायच्या आधी थांब, एवढं त्याला लगेच कळवलं. आता कारण बघू.

पिंग म्हणजे तुमच्या यंत्रातून निघालेला निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात मोजलेला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. त्यावरून तोंडी हिशोबाला सोपं सूत्र निघतं: दर १०० किलोमीटर अंतरामागे जाण्यायेण्याचा १ मिलिसेकंद. लखनौ ते मुंबई सरळ रेषेत सुमारे १२०० किलोमीटर आहे, म्हणजे १२ मिलिसेकंद ही झाली तळाची मर्यादा. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही. ती रस्त्याच्या आणि रुळांच्या कडेने वळणं घेत जाते, मध्ये कंपन्यांचे राउटर लागतात. म्हणून १२ चे ३५-४० होतात. पुष्पक एक्स्प्रेसने हाच प्रवास केलेल्यांना सरळ रेषा आणि खरा मार्ग यातला फरक वेगळा सांगायला नको. तेव्हा आपल्या मुलाचे ३८ अगदी रास्त आहेत.

व्हीपीएन लावलं की निरोप थेट मुंबईला जात नाही. आधी व्हीपीएनच्या सर्व्हरवर जातो, तिथे त्याचं पाकीट उघडतं, आणि तिथून तो गेमच्या सर्व्हरकडे निघतो. प्रवासाचे दोन टप्पे झाले. तुम्हाला दिसणारा पिंग ही या दोन टप्प्यांची बेरीज असते. पाकीट बांधायला आणि उघडायला लागणारा वेळ आजच्या यंत्रांवर बहुधा एक-दोन मिलिसेकंदांच्या आत असतो. त्यामुळे “एन्क्रिप्शनमुळे गेम लॅग होतो” हे जे सर्रास सांगितलं जातं, ते शंभर मिलिसेकंदांची वाढ समजावून सांगायला पुरत नाही. एवढी वाढ अंतरानेच होते. मग प्रश्न उरतो, की ‘इंडिया’ नावाचा सर्व्हर आहे तरी कुठे?

इथे थोडं मागे, २०२२ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, त्यांना दिलेले आयपी अशा नोंदी पाच वर्षं ठेवाव्यात, असं त्यात होतं. आपण नोंदी ठेवत नाही हीच ज्यांची जाहिरात, त्यांना हे मानवणारं नव्हतं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. ग्राहकाला मात्र भारतातला आयपी हवा असतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना इथल्या मालिका आणि सामने बघायचे असतात. म्हणून ‘व्हर्च्युअल’ सर्व्हर आले. यंत्र परदेशात उभं असतं, पण त्याला दिलेला आयपी पत्ता भारताच्या नावावर नोंदलेला असतो. एक्स्प्रेसव्हीपीएनने तेव्हा सरळ सांगितलं होतं, की भारताची ही दोन ठिकाणं प्रत्यक्षात सिंगापूर आणि ब्रिटनमधून चालतील. सगळ्यांच्या यादीत ही गोष्ट इतकी ठळक दिसेलच असं नाही. काही ठिकाणी बारीक खूण असते, काही ठिकाणी मदतीच्या पानावर शोधावं लागतं.

मालिका बघायला हे ठीक आहे. गेमसाठी नाही. लखनौहून सिंगापूर सुमारे ३७०० किलोमीटर आणि सिंगापूरहून मुंबई ३९००. बाराशे किलोमीटरच्या प्रवासाचे साडेसात हजार झाले. सूत्राप्रमाणे तळाची मर्यादाच ७५ च्या वर जाते, मग वळणं आणि राउटर धरून १४० हे काही नवल नाही. ब्रिटनमार्गे असतं तर याहून वाईट, कारण एकट्या मुंबई-लंडनचंच अंतर ७२०० किलोमीटर आहे.

पण हा झाला अंदाज. या मुलाचा सर्व्हर खरंच सिंगापूरला आहे हे कसं ठरवायचं? ‘माझा आयपी कुठला’ सांगणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. ती नोंदवहीत बघून सांगते आणि नोंदवहीत तर ‘इंडिया’च लिहिलंय. वेळ मोजा. प्रकाशाला कोणतीही कंपनी घाई करायला लावू शकत नाही.

व्हीपीएन चालू करा, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे लिहा:

```
tracert -d 8.8.8.8
```

मॅक किंवा लिनक्स असेल तर `traceroute -n 8.8.8.8`. यात निरोपाच्या वाटेवरचा एकेक मुक्काम आणि तिथवर जाऊन यायचा वेळ दिसतो. व्हीपीएन बंद असताना पहिला मुक्काम म्हणजे तुमच्या खोलीतला किंवा हॉस्टेलचा राउटर, एक-दोन मिलिसेकंद. व्हीपीएन चालू असताना सगळा प्रवास बोगद्यातून होतो, त्यामुळे पहिला मुक्काम हाच बोगद्याचा पलीकडचा तोंड असतो, म्हणजे खुद्द व्हीपीएनचा सर्व्हर. पहिल्या ओळीतला आकडा हा तुमचा पहिला टप्पा. आपल्या मुलाने हे केलं तेव्हा पहिलीच ओळ ८६ आली. लखनौहून भारतात कुठेही जायला एवढा वेळ लागायचं कारण नाही. फक्त एक काळजी घ्या: वायफाय अडखळत असेल तर एखादा आकडा फुगतो, म्हणून दोन-तीनदा करून सर्वात लहान आकडा धरा. आणि काही सर्व्हर उत्तरच देत नाहीत, तिथे नुसत्या चांदण्या दिसतात.

चांदण्या आल्या तर दुसरा उपाय गेममध्येच आहे, आणि मला तो जास्त आवडतो. व्हॅलोरंटमध्ये सामना शोधायच्या आधी सर्व्हरची यादी उघडता येते. आपल्याकडच्या खात्याला त्यात मुंबई, सिंगापूर, हाँगकाँग अशी नावं दिसतात आणि प्रत्येकापुढे पिंग असतो. मुलाने दोन स्क्रीनशॉट पाठवले. व्हीपीएन बंद असताना मुंबई ३८ आणि सिंगापूर ८४. चालू केल्यावर मुंबई १४६ आणि सिंगापूर ८८. नीट बघा, मुंबईचा आकडा शंभराहून जास्त वाढला, सिंगापूरचा जेमतेम चार. लखनौच्या खोलीत बसलेल्या माणसाला मुंबईपेक्षा सिंगापूर जवळ वाटू लागलं! याचा अर्थ एकच, निरोप आधी सिंगापूरला उतरतोय. १४६ मधून ८८ वजा केले की ५८ उरतात, तो सिंगापूर ते मुंबई हा परतीचा फेरा.

आता ‘जवळचा सर्व्हर’ निवडायचा म्हणजे काय? इथे बरेच जण फसतात. आपल्या घराला जवळचा की गेमच्या सर्व्हरला जवळचा? दोन्ही नाही. वाटेवरचा हवा. बेरीज लहान झाली पाहिजे, त्यातला कुठला तुकडा लहान आहे याला महत्त्व नाही.

मुलाला मी भारतात प्रत्यक्ष यंत्रं असलेली सेवा आठवडाभर फुकट वापरून बघायला सांगितली. तिच्यात दिल्ली आणि मुंबई अशी दोन शहरं होती. दिल्ली लावल्यावर पहिला मुक्काम १४ मिलिसेकंदांवर, अगदी शेजारी, आणि गेममध्ये मुंबईचा पिंग ४६. मुंबई लावल्यावर पहिला मुक्काम ३७ वर, पण गेममध्ये ४१. दिल्ली लखनौला जवळ असूनही मुंबई किंचित सरस ठरली. व्हीपीएन आणि गेम एकाच शहरात असले की दुसरा टप्पा जवळपास संपतो, आणि पहिला टप्पा तर तुमच्या कंपनीच्या नेहमीच्या रुळलेल्या मार्गानेच होतो. तरी दिल्लीचा तोटा फक्त पाचाचा, कारण तीही वाटेवरचीच आहे. हेच कोलकात्याचा सर्व्हर निवडला असता तर आधी पूर्वेला जाऊन मग सगळा देश ओलांडायचा. लखनौहून कोलकाता काही फार लांब नाही, पण मुंबईच्या उलट दिशेला आहे.

आता ‘गेमिंग व्हीपीएन’ पिंग कमी करतं का? साधा नियम असा, की थेट मार्ग नीट असेल तर मध्ये एक मुक्काम वाढवून तो लहान होत नाही. अपवाद एकच: तुमच्या इंटरनेट कंपनीचा मार्गच वेडावाकडा असेल तर. व्हीपीएन बंद ठेवून मुंबईतल्या सर्व्हरकडे ट्रेसरूट चालवा. मध्येच एका ओळीवरून पुढच्या ओळीवर आकडा ५०-६० ने उडी मारून शेवटपर्यंत तसाच चढा राहिला, तर निरोप परदेश फिरून येतोय असं समजा. तेव्हा मुंबईतलं व्हीपीएन खरंच मदत करेल. मधली एकच ओळ फुगली आणि पुढे आकडा उतरला, तर दुर्लक्ष करा. तो राउटर फक्त उत्तर द्यायला आळशी असतो. मुलाला ३८ थेट मिळतायत, त्याचा मार्ग सरळ आहे. वर्षाची वर्गणी भरून त्याचे ३८ चे ३० होणार नाहीत.

सर्व्हर बरोबर निवडूनही खेळाडू मध्येच जागच्या जागी उड्या मारताना दिसत असतील, तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल बघा. ओपनव्हीपीएन टीसीपीवर असेल तर तो वायरगार्ड करा, किंवा निदान यूडीपीवर न्या. टीसीपीत एक पाकीट हरवलं की ते परत मागवून मिळेपर्यंत मागची सगळी खोळंबतात. गेमला जुनं पाकीट नकोच असतं, पुढचं वेळेवर हवं असतं.

त्याला शेवटी मी जे करायला सांगितलं ते फुकटचं आहे. त्याच्याच जुन्या व्हीपीएनमध्ये ‘स्प्लिट टनेलिंग’ नावाची सोय निघाली. तिच्या यादीत गेम आणि गेमचा लाँचर दोन्ही ‘व्हीपीएनबाहेर’ ठेवले, नुसता लाँचर ठेवून चालत नाही. ब्राउझर आणि बाकी सगळं बोगद्यातच राहिलं. गेम पुन्हा सुरू केल्यावर त्याच यादीत मुंबईपुढे ३९ दिसले.