दोन गोष्टींची यादी, तीन गोष्टी

सॉफ्टवेअरवाल्यांच्या घोळक्यात एक जुना विनोद हमखास निघतो. ‘संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच: कॅशमधली शिळी माहिती वेळेवर काढणं, नावं ठेवणं आणि एकाने चुकणं.’ सगळे हसतात. बाहेरचा माणूस बोटं मोजतो आणि म्हणतो, ‘अहो, या तीन झाल्या!’

त्याचं बरोबर आहे, फक्त त्याला सांगणाराच चुकला असं वाटतं. मूळ वाक्य फिल कार्लटन या प्रोग्रामरच्या नावावर सांगतात आणि त्यात खरोखर दोनच गोष्टी होत्या. तिसरी मागाहून कुणीतरी जोडली. ‘एकाने चुकणं’ सांगताना मोजणी एकाने चुकवायची, ही त्यातली खुबी. ही चूक कामात अशी दिसते:

```
for (i = 0; i <= 5; i++)
    printf("%s\n", names[i]);
```

यादीत नावं पाच. मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचं नाव चार क्रमांकावर. `<` ऐवजी `<=` पडलं, की प्रोग्राम नसलेलं सहावं नाव मागायला जातो. ‘सी’ भाषेत तो कधी कोसळतो, कधी भलतंच काही छापतो, तर कधी काहीच झालं नसल्यासारखा पुढे जातो. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. असं एक चिन्ह शोधण्यात ज्याची दुपार गेली, त्याला त्या विनोदात स्वतःची फजिती दिसते.

डेडलाइनच्या विनोदांचंही तसंच. बेल लॅब्जच्या टॉम कारगिल यांचा नियम जॉन बेंटली यांनी 1985 साली आपल्या सदरात छापला. त्याचा आशय असा: पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो, उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. बेरीज एकशेऐंशी!

समजा, शाळेची फी ऑनलाइन भरायची सोय करायची आहे. फॉर्म भरला, पैसे गेले, पावती आली. साहेबांना डेमो दाखवला, ते खूश. मग कळतं, की पैसे कापल्यावर नेट गेलं तर पावती येत नाही. पालकांनी घाईत बटण दोनदा दाबलं तर फी दोनदा जाते. यातलं काहीही डेमोत दिसलेलं नसतं, म्हणून साहेबांच्या लेखी काम संपलेलं असतं. ‘झालंच आहे, थोडं टेस्टिंग बाकी आहे’ या वाक्यावर टीममध्ये खसखस पिकते ती यामुळे. साहेब मात्र ते वाक्य वहीत तारखेसह लिहून घेतात.

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा याच जातीचा. प्रोग्रामरच्या संगणकावरची सेटिंग्ज आणि सर्व्हरवरची सेटिंग्ज वेगळी असतात, हे ठाऊक असलेल्यांना त्यात गंमत वाटते. ज्या पालकाची फी दोनदा कापली गेली, त्याला हा विनोद सांगू नये. त्याला आधी पैसे परत द्यावेत.