घसा बरा झाला, धोका नाही टळला

एक सात वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. पाचव्या वर्षीचा लसीचा डोस राहून गेलेला. दोन दिवस घसा दुखतोय, ताप १०१ च्या पुढे जात नाही, पण तेवढ्या तापाच्या मानाने पोर फारच मलूल पडलंय. डॉक्टरांनी टॉर्च लावला तर टॉन्सिलवर राखाडी पडदा. टॉन्सिल पिकल्यावर येणारा पू सहज पुसला जातो. हा पडदा खरवडला तर खालून रक्त येतं. (घरी कुणी हा प्रयोग करू नये.) मेलेल्या पेशी, रक्तातलं फायब्रिन आणि जंतू एकत्र गोठून तो खालच्या मांसाला घट्ट धरून बसलेला असतो. स्वरयंत्रापर्यंत उतरला तर श्वास कोंडतो.

हा घटसर्प. त्याचे जंतू सहसा घशातच मुक्काम करतात, रक्तात उतरतं ते त्यांचं विष. पेशीत शिरलं की ते प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं आणि पेशी मरते. हृदयाचे स्नायू आणि मज्जातंतू त्याला विशेष बळी पडतात, पण ते लगेच कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात घसा स्वच्छ होऊ लागतो, घरचे डिस्चार्जची भाषा करतात, आणि नेमकी तेव्हा नाडी चुकू लागते. म्हणून मूल खेळायला लागलं तरी डॉक्टर त्याला अंथरुणातच ठेवतात आणि पुन्हा पुन्हा ईसीजी काढतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आवाज गेंगाणा होतो, प्यायलेलं पाणी नाकातून येतं: टाळू लुळी पडलेली असते. हातापायांतली शक्ती आणखी काही आठवड्यांनी जाऊ शकते. मज्जातंतू बहुधा पूर्ववत होतात. हृदयाची तशी खात्री नसते.

घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं अँटिटॉक्सिन फक्त रक्तात फिरणारं विष निकामी करतं. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. त्यामुळे घशातल्या नमुन्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. संशय बळकट असला की ॲलर्जीची चाचणी करून ते देतात. डोस वजनावर नव्हे, आजार किती दिवसांचा आणि किती पसरलेला यावर ठरतो. आपल्या मुलाला २० ते ४० हजार युनिट पुरतील. तिसरा दिवस उलटला किंवा मान सुजली तर ८० हजार ते एक लाख. पेनिसिलिन जंतू मारतं, म्हणजे नवं विष थांबतं. आधी सुटलेल्या विषाला ते हातही लावत नाही.

लसही विषाविरुद्धच आहे. १९२३ साली पॅरिसजवळ गास्ताँ रामों यांनी फॉर्मालिन आणि उष्णता वापरून या विषाची नांगी मोडली, पण शरीराला त्याची ओळख पटेल असं त्याचं रूप राखलं. ही ओळख कालांतराने पुसट होते. म्हणून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसांनंतर दीड वर्षाच्या सुमारास, पाच-सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा लस असते.

आणि हो, त्या मुलालाही बरं झाल्यावर लस द्यावीच लागते. आजारी पाडायला पुरेसं असलेलं विष प्रतिकारशक्ती यायला पुरेसं असतंच असं नाही.