काळ्या केसांची बरगंडी

भाचीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि पाठोपाठ मेसेज, ‘मामा, केस बरगंडी केले तर कसे दिसतील? पार्लरला जायच्या आधी करून दाखव ना.’ फोटो घरातल्या मंगळागौरीचा. मागे क्रीम रंगाची भिंत, वर ट्यूबलाइट, केस मोकळे आणि कानामागे मोगऱ्याचा गजरा. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिच्याकडून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. असे फोटो वरवर ठीक दिसतात, पण काळे केस उजळायला घेतले की त्यांत चौकोनी डाग उठतात.

फोटोशॉपमध्ये अशा कामासाठी Hue/Saturation नावाचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर आहे. हा लेयर मूळ फोटोवर काचेसारखा पसरतो. खालचं चित्र तो बदलत नाही, फक्त वेगळं दाखवतो, त्यामुळे उद्या मन बदललं तर काच काढून टाकता येते. त्यात तीन पट्ट्या असतात. Hue रंग फिरवते, Saturation तो गडद-फिका करते आणि Lightness उजेड कमी-जास्त करते. परदेशी शिकवण्यांमध्ये तपकिरी केसांची मुलगी असते, शिकवणारा Hue सरकवतो आणि केस झटक्यात लाल होतात. आपण तेच आपल्या माणसाच्या फोटोवर करायला जातो आणि केस होते तसेच काळे राहतात. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली तरी काहीच होत नाही.

याचं कारण आकड्यांत दिसतं. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा बनतो, प्रत्येक 0 ते 255. तपकिरी केसाचा ठिपका 120, 80, 50 असा काहीसा असतो. तिन्हींत भरपूर अंतर आहे, म्हणून त्यात रंग दिसतो. भाचीच्या केसाचा ठिपका निघाला 28, 24, 23. Hue फिरवणं म्हणजे ढोबळमानाने या आकड्यांच्या जागा बदलणं. एक तृतीयांश फेरी मारली की 23, 28, 24 होतात. म्हणायला तो हिरवा झाला, पण डोळ्याला मात्र काळाच. फिरवायला रंगच नव्हता.

मग Colorize या चौकटीत टिचकी मारायची. ती असलेला रंग फिरवत बसत नाही, आपण सांगू तो रंग वरून चढवते. पण तिथेही एक अडचण आहे. ती उजेड आहे तेवढाच ठेवते. वरच्या ठिपक्याला 50 सॅच्युरेशनने वाइनचा लाल चढवला तर लाल आकडा जेमतेम 38 पर्यंत जातो. काळोखात रंग टाकला तरी तो काळोखच. मग हात आपसूक Lightness कडे जातो आणि तिथेच फोटो बिघडतो. ती पट्टी सगळ्यात गडद सावलीलाही राखाडी करून टाकते, केसांवर पिठाचा डबा उपडा झाल्यासारखं दिसतं.

पार्लरवाली जे करते तेच इथे करायचं. काळ्या केसांवर नुसता डाय फारसा चढत नाही, म्हणून ती आधी ब्लीच करते आणि मग रंग लावते. फोटोत ब्लीचचं काम Curves लेयर करतो. मी त्यातली रेघ उचलून 25 चे 60 केले. अगदी तळाचा काळा तिथेच ठेवला आणि 190 च्या जवळ एक ठिपका रोवून वरची चमक जागच्या जागी धरली. त्यावर Hue/Saturation, Colorize चालू, Hue 345, Saturation 50. आता तोच ठिपका साधारण 90, 30, 45 झाला, म्हणजे खरोखर बरगंडी. दोन्ही लेयर Ctrl+G ने एका ग्रुपमध्ये टाकले आणि मास्क ग्रुपला दिला, म्हणजे एकच मास्क दोघांना पुरतो.

खरा वेळ मास्कलाच लागतो. मास्क म्हणजे केसांची काळी-पांढरी प्रत. पांढऱ्या भागात रंग चढतो, काळ्यात चढत नाही आणि राखाडीत अर्धामुर्धा चढतो. Quick Selection ने केस ढोबळ निवडले, Select and Mask उघडलं आणि कडेच्या भुरभुऱ्या बटांवरून Refine Edge Brush फिरवला. उडणारा एकेक केस पकडायचा हट्ट मी करत नाही. आपण केस कापून दुसऱ्या भिंतीवर चिकटवत नाही, फक्त रंगवतो आहोत, त्यामुळे एखादा केस सुटला तर चालतं. मास्क बाहेर सांडला तर मात्र चालत नाही, कारण क्रीम भिंतीवर गुलाबी वलय उमटतं. Alt दाबून मास्कवर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. त्यातच मला गजरा सापडला, अर्धा पांढरा. कळ्या गुलाबी झाल्या होत्या. बारीक काळ्या ब्रशने एकेक कळी सोडवली, त्याला वीस मिनिटं गेली.

कपाळाजवळ कडक कड ठेवली तर केस टोपासारखे दिसतात. तिथे मऊ ब्रश आणि Flow 20 ठेवून मास्क हळूहळू विरत न्यायचा. भांगाजवळ तर मी मुद्दाम थोडा काळा ठेवतो, कारण रंगवलेल्या केसांतही मुळाशी मूळ रंग डोकावतोच. भुवयांना हात लावला नाही.

एवढं करूनही केस प्लास्टिकचे वाटत होते. दोष चमकेत होता. केसावर जी पांढरी चमक दिसते ती केसाच्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड असतो. तो केसाच्या आत शिरलेलाच नसतो, म्हणून त्याला केसाचा रंग लागत नाही. ट्यूबलाइट पांढरी तर चमक पांढरी. Colorize ने मात्र ती चमकही गुलाबी केली होती. खोटे रंगवलेले केस ओळखायचे असतील तर आधी चमक बघावी. उपाय लेयरवर डबल क्लिक केल्यावर सापडतो. Blend If मधल्या Underlying Layer च्या पट्टीवरचा पांढरा त्रिकोण Alt दाबून फोडायचा, एक अर्धा 150 वर आणि दुसरा 210 वर. 150 च्या खाली पूर्ण रंग, 210 च्या वर अजिबात नाही आणि मधे हळूहळू ओसरत जाणारा. चमक पांढरी झाली आणि डोक्यावर पुन्हा केस दिसायला लागले.

फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘मस्त! आता चॉकलेटी करून बघ ना.’ फाइल PSD म्हणून ठेवली होती, म्हणून फक्त Hue 25 वर आणला आणि Saturation 35 केली. मास्क तोच. जेपीजी करून लेयर मिटवले असते तर गजऱ्याच्या कळ्या पुन्हा सोडवत बसावं लागलं असतं.