लाल गोल नेमके कुठे होते?

सन १६७४. हॉलंडमधल्या डेल्फ्टजवळच्या एका तळ्याचं पाणी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यानं काचेच्या कुपीतून घरी आणलं आणि आपल्या भिंगाखाली पाहिलं. जे दिसलं ते त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. त्याला स्वतःला चित्र काढता येत नसे. म्हणून त्यानं शब्दांतच लिहिलं, की पाण्यात सापासारख्या वळणावळणानं गुंडाळलेल्या, शिस्तीत मांडलेल्या हिरव्या रेघा आहेत आणि त्यांची जाडी माणसाच्या केसाएवढी आहे. पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी हे वर्णन वाचून ओळखलं, की हे स्पायरोगायरा नावाचं शेवाळ असणार. अकरावीच्या प्रयोगशाळेत आजही ते दाखवतात. त्या वर्णनात रंग होता, पण ओळख पटवली ती आकारानं, मांडणीनं आणि केसाच्या मापानं.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी असते. प्रॅक्टिकलला तो सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला मोबाइल टेकवून फोटो काढतो आणि जर्नल नंतर भरू म्हणतो. मग मोबाइल बिघडतो किंवा फोटो डिलीट होतो. जर्नल तपासायची तारीख मात्र पुढे जात नाही. तो बाईंना किंवा मैत्रिणीला विचारतो, ‘लाल रंगाचे गोल होते, मध्ये मोठी भोकं होती, ४५ एक्सवर पाहिलं होतं. काय असेल?’

या वाक्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही अर्धवट आहेत.

आधी रंग घेऊ. वनस्पतीच्या खोडाचा पातळ काप सहसा सॅफ्रॅनिनमध्ये बुडवतात. हे रंजक लिग्निन असलेल्या जाड भित्तिकांना घट्ट धरतं. त्यामुळे जलवाहिन्या आणि दृढ ऊती गडद लाल दिसतात, बाकीच्या पेशी फिक्या गुलाबी राहतात. पण काप रंगात जास्त वेळ राहिला किंवा पाण्यात नीट धुतला गेला नाही, तर सगळंच लाल होऊन बसतं. उलट, विकत आणलेल्या कायमस्वरूपी स्लाइडवर सॅफ्रॅनिनच्या जोडीला बहुधा फास्ट ग्रीन असतं, म्हणून तिथे रसवाहिन्या आणि साध्या भित्तिका हिरव्या दिसतात. एकाच खोडाचे दोन काप असे दोन वेगळ्या रंगांत समोर येऊ शकतात. म्हणूनच ‘लाल होतं’ एवढ्यानं ओळख पटत नाही. कशात रंगवलं होतं, सर्वांत गडद काय दिसलं आणि फिकं काय राहिलं, हे तिन्ही कळलं तरच रंगाचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, ४५ एक्स. हा आकडा वस्तुभिंगावर कोरलेला असतो. आयपीस १० एक्सची असेल तर एकूण वर्धन ४५० पट होतं. तरीही वर्धनाच्या आकड्यावरून वस्तू केवढी होती ते कळत नाही. त्यासाठी डोळ्यासमोरच्या प्रकाशित वर्तुळाची रुंदी माहीत हवी. लो पॉवरवर, म्हणजे १० एक्सच्या वस्तुभिंगाखाली, पारदर्शक पट्टी ठेवून मिलिमीटरच्या रेघा मोजल्या, तर शाळा-कॉलेजांतल्या पुष्कळ सूक्ष्मदर्शकांत ही रुंदी सुमारे १.८ मिलिमीटर भरते. ४५ एक्सला ती साडेचार पटींनी घटते आणि ०.४ मिलिमीटर उरते. आता विद्यार्थ्याला आठवलं, की वर्तुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण आठ पेशी मावत होत्या, तर एक पेशी ०.०५ मिलिमीटरची, म्हणजे ५० मायक्रोमीटरची झाली. फोटो गेला तरी हे माप काढता येतं. फोटो असता तर तो बोटांनी मोठा करून पाहिला गेला असता आणि मापाचा अंदाज हमखास चुकला असता.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आणि नेमकी तीच विद्यार्थी सांगत नाही: ते गोल होते कुठे? काप संपूर्ण पाहिला तर ते एका वलयात बसले होते की सगळीकडे विखुरले होते? हे हाय पॉवरवर दिसत नाही, कारण ०.४ मिलिमीटरच्या वर्तुळात फार तर एखादाच वाहक पूल मावतो. पाहणी नेहमी लो पॉवरवर सुरू करायला सांगतात, त्यामागचं एक कारण हेच. स्लाइड हळूहळू सरकवत कडेपासून मध्यापर्यंत जायचं. सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते आणि स्लाइड डावीकडे ढकलली की चित्र उजवीकडे पळतं, तेवढं फक्त लक्षात ठेवायचं.

समजा, थोडं खोदून विचारल्यावर विद्यार्थ्याला आठवलं, की गोल सगळीकडे पसरले होते, कडेला लहान आणि दाटीनं, मध्याकडे मोठे आणि विरळ. इथेच अर्धा प्रश्न सुटला. सूर्यफुलासारख्या द्विबीजपत्री कोवळ्या खोडात पूल एका वलयात असतात आणि मधला भाग भेंडाचा असतो. विखुरलेले पूल एकबीजपत्री खोडाकडे बोट दाखवतात, आणि प्रॅक्टिकलला त्यासाठी बहुधा मकाच असतो.

आता एकाच पुलाकडे वळू. मक्याच्या पुलाचं रूप माकडाच्या चेहऱ्यासारखं म्हणून कित्येक वर्गांत शिकवलं जातं: दोन बाजूंना दोन मोठ्या जलवाहिन्या म्हणजे डोळे, खाली एक पोकळी म्हणजे तोंड आणि वर रसवाहिन्यांचं कपाळ. विद्यार्थ्याला आठवणारी ‘मोठी भोकं’ ती हीच. ती पोकळी पहिल्या जलवाहिन्या तुटून तयार होते आणि ती खोडाच्या मध्याकडच्या बाजूला असते. संपूर्ण पुलाभोवती दृढ ऊतींचं गडद लाल कडं असतं. सूर्यफुलात असं पूर्ण कडं नसतं. तिथे रसवाहिन्यांच्या बाहेर दृढ ऊतींची फक्त टोपी दिसते, जलवाहिन्या ओळींत असतात आणि जलवाहिनी-रसवाहिनी यांच्या मध्ये चपट्या पेशींचा एधाचा पट्टा असतो. मक्यात तो पट्टा नाही. म्हणून लो पॉवरवरची मांडणी अजिबात आठवत नसली, तरी ‘कडं सगळीकडून होतं की एकाच बाजूला?’ या एका प्रश्नावर बरंच ठरतं.

काही वेळा आठवणच फसवते. ‘एकदम गोल, जाड काळ्या कडेचं, मध्ये चकचकीत’ असं वर्णन आलं तर ती जलवाहिनी नव्हे, कव्हरस्लिपखाली अडकलेला हवेचा बुडबुडा आहे. त्याला पेशीची भित्तिका नसते आणि त्याला रंगही लागत नाही. भोकं लांबट, अंडाकृती होती असं कळलं, तर ब्लेड तिरपं चाललं होतं. अशा कापात जलवाहिनीचा आकार विश्वासाचा राहत नाही, पण पूल विखुरलेले की वलयात हे बहुधा तरीही कळतं.

एवढ्या माहितीवर जर्नलमध्ये लिहायचं वर्णन तयार होतं: खोडाचा आडवा काप, सॅफ्रॅनिन, एकूण वर्धन आधी १०० पट आणि मग ४५० पट. बाह्यत्वचेच्या आत दृढ ऊतींचे दोन-तीन थर. आतल्या मूल ऊतीत विखुरलेले पूल, प्रत्येकाभोवती गडद लाल कडं, दोन मोठ्या जलवाहिन्या, मध्याकडे एक पोकळी, एधा नाही. आकृती काढायची झाली तरी याच क्रमानं काढता येते.

मात्र हे वर्णन वाचणारा फार तर एवढंच म्हणू शकेल, की हे मक्यासारख्या एकबीजपत्री खोडाचं आहे. ज्वारीच्या खोडातही पूल असेच विखुरलेले असतात. मका की ज्वारी, हे ठरवायला स्लाइडवरची चिठ्ठी पाहावी लागते, किंवा प्रयोगशाळेच्या मदतनीसांना विचारावं लागतं, की त्या दिवशी ट्रेमध्ये कुठली खोडं कापायला ठेवली होती.